मार्चएंड आणि पडून राहिलेला माल: एजिंग रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा?

हिशेबाची_वही
नमस्कार मंडळी. मी भोसरीत एका कारखान्यात कॉस्टिंग बघते. आम्ही डिझेल जनरेटरसाठी सायलेन्सर आणि एक्झॉस्टचे पाइप बनवतो. १ जुलै २०२३ पासून जनरेटरना सीपीसीबी ४ प्लसचे धुराचे नवे निकष लागू झाले आणि आमचे बरेच भाग बदलले. जुन्या मॉडेलचा माल मात्र रॅकवर तसाच राहिला.

आमचं धोरण असं आहे: एक ते दोन वर्षं जुना माल असेल तर किमतीच्या २५ टक्के तोट्याची तरतूद, दोन ते तीन वर्षांना ५० टक्के, त्यापुढे पूर्ण १००. एकूण साठा ३ कोटी १० लाखांचा आहे. ईआरपीच्या एजिंग रिपोर्टमध्ये एक वर्षापेक्षा जुना माल फक्त २२ लाखांचा दिसतो आणि धोरणाप्रमाणे तरतूद सात लाखांच्या आसपास बसते. ऑडिटरकडचा आर्टिकलशिपचा मुलगा स्टोअरमध्ये एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "मॅडम, खाली धूळ तर जास्त दिसते." त्याचं बरोबर आहे असं मलाही वाटतं, पण रिपोर्टमध्ये ते सापडत नाही.

वापराच्या किमतीवरच्या एबीसी वर्गवारीकडे बघितलं तर हा सगळा माल सी वर्गात आहे. सी म्हणजे किरकोळ, म्हणून वर्षातून एकदा मोजायचा आणि विसरायचा, अशी आमच्याकडे पद्धत. संचालक साहेब म्हणतात, "जुने जनरेटर चालू आहेत ना? सर्व्हिसला लागेल. तरतूद कशाला?"

कोणता आकडा धरू? आणि तरतूद करू की सरळ राईट-ऑफ?

तिखट_मिसळ
सी वर्ग आणि वर्षभर हालचाल नाही, म्हणजे मेलेला माल. १०० टक्के राईट-ऑफ करा. नफा कमी दिसेल, टॅक्स वाचेल, रॅक मोकळा होईल.

औषधवाला_सांगली
आमच्याकडे हा प्रश्न सोपा आहे. पाकिटावर एक्सपायरी छापलेली असते. तीन महिने उरले की माल वेगळ्या कपाटात जातो आणि कंपनीला परत पाठवायचं चलन निघतं. तुम्ही पुरवठादाराला परत का करत नाही?

हिशेबाची_वही
@औषधवाला_सांगली, आमचे भाग ड्रॉइंगप्रमाणे बनवून घेतलेले असतात. पुरवठादाराला दुसरं गिऱ्हाईक नाही, तो परत घेणार नाही. एक्सपायरीही छापलेली नसते. तोच तर घोळ आहे.

स्टोअर_काका
ताई, मी ३१ वर्षं स्टोअर सांभाळलं. तुमचा रिपोर्ट कोणत्या तारखेपासून वय मोजतो ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी तो शेवटच्या आवकेपासून मोजतो. शेवटच्या आवकेत काय काय येतं माहीत आहे? एका गोडाऊनमधून दुसऱ्यात हलवलेला माल, जॉबवर्करकडून परत आलेला माल, लाइनवरून परत आलेला माल, मोजणीत जास्त सापडलेला माल. यातलं काहीही झालं की म्हातारा माल एका रात्रीत तान्हा होतो.

आमच्याकडे एकदा भाड्याचं गोडाऊन सोडलं. दोन टेम्पो भरून जुना माल मेन स्टोअरला आणला आणि सिस्टीममध्ये ट्रान्सफरची नोंद झाली. त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये जुना माल निम्मा झाला आणि वरच्या लोकांनी स्टोअरचं कौतुक केलं. मला ते कौतुक घेववेना. मी रॅकवरची आवक-जावकेची बिन कार्डं घेऊन वर गेलो आणि दाखवलं.

बिन कार्ड असेल तर ते बघा. नसेल तर खोक्यावर खडूने लिहिलेली तारीख असते, पुरवठादाराच्या चलनाची प्रत आत असते. धुळीवरूनही कळतं म्हणा, पण ऑडिटरला कागद लागतो.

गंजलेला_बोल्ट
काका, "म्हातारा माल तान्हा" हे आमच्या प्लांटमध्ये फळ्यावर लिहून लावतो.

जुना_ऑडिटर
काकांनी अर्धं काम केलं आहे. उरलेलं अर्धं एबीसीत आहे.

एबीसी तुम्ही वार्षिक वापराच्या किमतीवर करता. त्याचा उपयोग खरेदी आणि मोजणीसाठी: जे जास्त फिरतं त्याच्यावर जास्त नजर. आता ज्या वस्तूचा वापरच थांबला तिची वापर-किंमत शून्य, म्हणून ती आपोआप सी वर्गाच्या तळाला जाते. म्हणजे माल जितका मेलेला तितका तो तुमच्या नजरेआड. मार्चएंडला हेच वर्गीकरण घेऊन बसलात तर जे शोधायचं आहे तेच लपतं.

यासाठी दुसरी यादी करा. प्रत्येक वस्तूच्या आजच्या शिल्लक साठ्याची किंमत घ्या आणि उतरत्या क्रमाने लावा. आपल्याकडे जुनी मंडळी याला एक्सवायझेड म्हणतात, नाव काहीही द्या. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. वापरात सी, पण साठ्यात वरच्या टोकाला असलेल्या ओळी वेगळ्या काढा. त्या फार नसतात. त्यांचा विचार एकेक करून, हाताने करायचा. बाकीच्या शेकडो किरकोळ ओळींना तुमचे टक्के लावून मोकळं व्हायला माझी हरकत नाही.

@तिखट_मिसळ, टॅक्सचं खाली सविस्तर लिहितो, पण आधी ताईंचा आकडा येऊ द्या.

एक्सेल_आजी
खरं वय काढायला ईआरपीची वाट बघू नका. प्रत्येक वस्तूची आवक कालखंडाप्रमाणे काढा, पण फक्त खरेदीची, ट्रान्सफर आणि परत आलेला माल वगळून. बी मध्ये शिल्लक नग. सी, डी, ई मध्ये अनुक्रमे गेल्या ९० दिवसांतली, ९१ ते १८० आणि १८१ ते ३६५ दिवसांतली खरेदी. जुना माल आधी वापरला जातो असं धरलं, तर शिल्लक राहिलेला माल सगळ्यात ताज्या खरेदीतला. म्हणून ताज्याकडून मागे मागे जात शिल्लक वाटायची:

```
G2: =MIN(C2,$B2)
H2: =MIN(D2,$B2-G2)
I2: =MIN(E2,$B2-G2-H2)
J2: =$B2-G2-H2-I2
```

शेवटच्या जे रकान्यात उरतं ते एक वर्षाच्या पलीकडचं. एक काळजी घ्या: ज्या वस्तू तुम्ही स्वतः बनवता त्यांना खरेदीच्या जागी उत्पादनाची आवक घ्या, नाहीतर सगळंच जुनं दिसेल. मी पहिल्या वर्षी इथेच अडकले होते.

हिशेबाची_वही
मंडळी, दोन दिवस बसून केलं. काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. डिसेंबरमध्ये आम्ही तळवड्याचं भाड्याचं गोडाऊन सोडलं होतं. तिथून आलेला सगळा माल सिस्टीममध्ये चार महिन्यांचा दिसतो. खरेदीची तारीख धरली तर एक वर्षापेक्षा जुना माल २२ लाखांचा नाही, ६१ लाखांचा आहे.

@जुना_ऑडिटर साहेबांनी सुचवलेली दुसरी यादीही केली. १,८४० ओळींपैकी फक्त ४६ ओळींत ५८ लाख अडकले आहेत.

सगळ्यात वरची ओळ सांगते. एक्झॉस्टचा स्टेनलेस बेलो, म्हणजे वळ्यांचा लवचिक पाइप, दोन्ही बाजूंना फ्लँज. ६४० नग, दर १,१५० रुपये, म्हणजे ७ लाख ३६ हजार. स्वतः खाली जाऊन बघितलं. सहा-सहा नगांची खोकी, एकावर एक नऊ थर. खालच्या थरातली खोकी चेपलेली. बिन कार्डावर निळ्या शाईत १४ ऑक्टोबर २०२२, १,२०० नग. नव्या मॉडेलला याची लांबी चालत नाही, फ्लँजची भोकंही वेगळी. जुलै २०२३ पासून स्पेअर म्हणून गेले: पहिल्या वर्षी मार्चपर्यंत ९०, पुढच्या वर्षी ६२, यंदा ३८.

आता गंमत बघा: सिस्टीमच्या वयाने तरतूद शून्य. खऱ्या वयाने तीन वर्षांच्या वर, म्हणजे पूर्ण ७ लाख ३६ हजार. एकाच रॅकला दोन टोकांचे आकडे.

जुना_ऑडिटर
दोन्ही चूक, कारण दोन्ही फक्त वय विचारतात. लेखा मानक २ विचारतं की यातून किती पैसे सुटतील. मालाची लागत किंमत आणि निव्वळ वसूल होणारी किंमत, यातली जी कमी ती धरायची, आणि तेही शक्यतो वस्तुवार. वय हा फक्त इशारा आहे.

तुमचा बेलो घेऊ. तो एक ढीग नाही, तीन ढीग आहेत.

पहिला ढीग स्पेअरचा. ९०, ६२, ३८ असा उतार आहे. पुढे २५, १५, १० आणि मग थोडे, असे एकूण ६० धरा. स्पेअरला भाव काय मिळतो? १,१५० च्या वर असेल तर या ६० नगांना हात लावू नका.

दुसरा ढीग बदलून वापरता येईल तो. फ्लँज कापून नवी बसवता येते का, किती नगांची, आणि किती खर्चात, हे प्रॉडक्शनला विचारा. लेखी घ्या.

तिसरा ढीग उरलेला. त्याला भंगाराचा भाव. वजन करून, भंगारवाल्याचं कोटेशन घेऊन.

गंजलेला_बोल्ट
साहेब, स्पेअरच्या ६० नगांवर मी भांडणार. मी जनरेटरची सर्व्हिस करतो. हॉस्पिटलात आणि सोसायटीत जे स्टँडबाय सेट बसवलेत ते पंधरा-पंधरा वर्षं चालतात. बेलो हा झिजणारा भाग आहे, कंपनामुळे वळीला तडा जातो. २०१९-२० मध्ये बसवलेल्या सेटचे बेलो आत्ता कुठे जायला लागतील. मागणी उतरणार नाही, थांबून पुन्हा चढेल. ६० नाही, दीडशे धरा.

जुना_ऑडिटर
@गंजलेला_बोल्ट, मुद्दा चांगला आहे आणि मी तो खोडू शकत नाही. पण तीन वर्षांचा विकलेला आकडा उतरता आहे आणि तुमचा आकडा अनुभवाचा आहे. ऑडिटरसमोर दीडशे टिकवायचे असतील तर सर्व्हिस डीलरकडून लेखी मागणीचा अंदाज हवा, किंवा त्या मॉडेलचे किती सेट विकले गेले आणि किती तासांनी बेलो बदलतात याचा हिशेब. नुसतं "लागेल" असं म्हणून चालत नाही. ताईंच्या साहेबांनाही हेच सांगायचं आहे.

आणि बाजारातले स्थानिक बनावटीचे बेलोही विसरू नका. जुने सेटवाले नेहमी कंपनीचाच घेतात का?

गंजलेला_बोल्ट
नाही घेत, हे खरं आहे. वॉरंटी संपली की निम्मे लोक बाहेरचा बसवतात. तरी मी शंभराच्या खाली येणार नाही.

खरेदी_विभाग
हे सगळं वाचून मला एक सांगावंसं वाटतं. दरवर्षी मार्चमध्ये डेड स्टॉकची यादी निघते आणि बोट खरेदीकडे जातं. १,२०० नग का घेतले, हे कुणी विचारलं का?

हिशेबाची_वही
विचारलं. महिन्याला ४०-४५ लागत होते. पुरवठादाराने हजाराच्या वर घेतले तर सहा टक्के सूट दिली होती. वाचले ८८ हजारांच्या आसपास. सव्वादोन वर्षांचा माल एकदम घेतला. निकषांची अधिसूचना नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, आमची ऑर्डर त्याच्या आधीची.

खरेदी_विभाग
बघा. अधिसूचना नंतरची असली तरी नवे निकष येणार हे इंजिनवाल्यांना आधीपासून माहीत होतं. आमच्या डिझाइन विभागालाही असतं. ते खरेदीला सांगत नाहीत. ड्रॉइंग बदलाची नोट निघते तेव्हा "शिल्लक साठ्याचं काय" हा रकाना रिकामा असतो. माझ्या कारखान्यात मी हट्ट धरून तो रकाना सक्तीचा करून घेतला: साठा संपवून बदल, ताबडतोब बदल, की साठा दुरुस्त करून बदल. रकाना भरल्याशिवाय नोट पुढे जात नाही. आणि दरात सूट घेताना किती महिन्यांचा माल होतो ते ऑर्डरवर लिहायचं. १,२०० वर "२७ महिने" असं लिहिलं असतं तर सही करणारा थांबला असता.

परदेशी_पाखरू
स्टुटगार्टहून. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे. ताई, तुमच्या गिऱ्हाइकाने तुम्हाला पुढच्या मागणीचं शेड्यूल दिलं होतं का? आमच्याकडे शेड्यूलमधले पहिले काही आठवडे तयार मालासाठी पक्के असतात आणि त्यापुढचे काही कच्च्या मालासाठी. मॉडेल बंद झालं तर त्या मुदतीतल्या मालाचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे. पण क्लेम वेळेत करावा लागतो. तरतूद करण्याआधी हे बघाच.

तिखट_मिसळ
मला अजून कळलं नाही की सरळ राईट-ऑफ का नको. तरतूद म्हणजे कागदावरचा खेळ, टॅक्सवाले मानत नाहीत.

जुना_ऑडिटर
@तिखट_मिसळ, तुम्ही अर्धं बरोबर बोलता. "तीन वर्षं झाली म्हणून १००" अशी सरसकट टक्क्याची तरतूद केली तर आयकरात ती नामंजूर होण्याची भीती असते. पण तोच आकडा वस्तुवार, वसूल होणाऱ्या किमतीने आणि भंगाराच्या कोटेशनसह काढला, तर ते साठ्याचं मूल्यांकन होतं. आयकराच्या साठ्याविषयीच्या निकषातही लागत आणि वसूल होणारी किंमत यातली कमी तीच धरायची आहे.

राईट-ऑफचा काटा जीएसटीत आहे. कलम १७(५)(एच) प्रमाणे माल नष्ट झाला किंवा राईट-ऑफ केला की त्यावरचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. आधी घेतलेलं परत भरावं लागतं. ७ लाख ३६ हजारांवर १८ टक्के म्हणजे १ लाख ३२ हजार ४८० रुपये. तोच माल भंगार म्हणून बिल करून विकला तर विक्रीवर जीएसटी लागतो आणि तुमचं क्रेडिट शाबूत राहतं. म्हणून क्रम असा: आधी किंमत खाली आणा, नग पुस्तकात ठेवा, मग विका. रॅकवर पडलेला माल पुस्तकातून शून्य करणं सगळ्यात महाग पडतं.

कर_सल्लागार_नाशिक
एक भर घालते. किंमत पूर्ण शून्य केली आणि नग ठेवले, तर अधिकारी त्याला राईट-ऑफ म्हणू शकतो. माझ्या एका अशिलाला ताळेबंदाच्या टीपेतला "साठा राईट-ऑफ" हा शब्द बघून विचारणा आली होती. प्रत्यक्षात ती किंमत-घट होती, पण शब्द चुकीचा लिहिला होता. उत्तर देऊन विषय मिटला, मात्र चार महिने गेले. टीपेत नेमकं काय लिहायचं ते आधी ठरवा.

तिखट_मिसळ
हे माहीत नव्हतं. आमच्याकडे गेल्या वर्षी थेट राईट-ऑफ केलंय. उद्या आमच्या सीएंना विचारतो.

हिशेबाची_वही
आकडे जमले. स्पेअरला १,९०० मिळतात, पॅकिंग आणि भाडं वजा जाताही १,१५० च्या बऱ्याच वर. म्हणून ६० नग लागत किमतीलाच धरले.

प्रॉडक्शनने २०० नग बदलता येतील असं लिहून दिलं. एका नगाला २६० रुपये खर्च. बदलून होतो तो भाग नवा घेतला तर १,०५० ला मिळतो. म्हणजे आजच्या नगाची किंमत ७९०, घट प्रत्येकी ३६०, एकूण ७२ हजार.

उरलेल्या ३८० चं वजन केलं, सरासरी ३.२ किलो. भंगारवाल्याने ९५ रुपये किलो लिहून दिलं, म्हणजे नगाला ३०४. घट ८४६, एकूण ३ लाख २१ हजार ४८०.

दोन्ही मिळून ३ लाख ९३ हजार ४८०. सिस्टीम शून्य म्हणत होती, धोरण ७ लाख ३६ हजार.

मोजणीत नग पूर्ण ६४० भरले, पण खालच्या थरातल्या ३२ बेलोच्या वळ्या चेपल्या होत्या. ते भंगारातच धरले, म्हणून आकडा हलला नाही. आमचा स्टोअरचा मुलगा एकेक बेलो हातात घेऊन उजेडात फिरवून बघत होता, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे काम आधीच्या दोन मार्चमध्येच करायला हवं होतं.

सगळ्या ४६ ओळी अशा केल्या. घट २९ लाख ४० हजार निघाली. ऑडिटरने कागद बघितले आणि मान्य केलं.

स्टोअर_काका
शाबास ताई. त्या ६० नगांची खोकी वेगळ्या रॅकवर, दोन थरांच्या वर नको. आणि २०० नगांवर आजच लाल दोरी बांधा. नाहीतर भंगाराची गाडी आली की चांगलेही त्यातच जातात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एक्सेल_आजी
बदलायला दिलेले २०० कधी वापरणार याची तारीख प्रॉडक्शनकडून घेतलीत का? पुढच्या मार्चला तेच २०० तिथेच सापडतात, असा माझा अनुभव.

हिशेबाची_वही
तारीख घेतलेली नाही. उद्या घेते.

संचालक साहेबांना आकडा दाखवला. आधी फार चिडले. मग त्यांनी सर्व्हिस डीलरांना स्वतः फोन लावायला घेतले, @गंजलेला_बोल्ट तुमच्या शंभराच्या बाजूने. डीलरांनी लेखी दिलं तर ६० चे १०० करीन.

आणि @परदेशी_पाखरू, जुने मेल शोधले. जानेवारी ते जून २०२३ च्या शेड्यूलमध्ये ३०० नग पक्के म्हणून लिहिलेले सापडले, त्यातले १०४ उचललेच नाहीत. गिऱ्हाइकाला मेल टाकला आहे. तो क्लेम यंदाच्या घटीतून वजा धरता येईल का?

जुना_ऑडिटर
गिऱ्हाइकाने लेखी मान्य करेपर्यंत नाही. घट यंदाची, वसुली मान्य होईल त्या वर्षाची. आणि तीन वर्षांनंतर टाकलेल्या क्लेमला काय उत्तर येतं ते इथे जरूर कळवा.

परदेशी_पाखरू
करारात क्लेमची मुदत लिहिलेली असते, बहुतेक शेवटच्या पानांवर. मेलचं उत्तर येण्याआधी तेवढं वाचून ठेवा.

हिशेबाची_वही
करार लीगलकडे आहे. सोमवारी मिळेल.